तिरुपती ३०० रु. दर्शन : कन्फर्मेशन आलंय पण वेळ, कपडे आणि कॅन्सलेशनचं नीट कळत नाहीये

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय. नोव्हेंबरात तीन दिवस पहाटेपासून धडपड करून शेवटी तिरुमलाचं ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन मिळालं, फेब्रुवारीची १२ तारीख, सकाळी ११ चा स्लॉट. पाच तिकिटं, पंधराशे रुपये. मी, हे, आई (वय ६३), दीर आणि जाऊबाई. शिवाय आमची लेक, ११ वर्षांची, तिचं तिकीट काढलं नाही कारण १२ च्या आतल्यांना लागत नाही असं वाचलं.

आता पीडीएफ आली आहे त्यावर ११ ला रिपोर्टिंग लिहिलंय. हे ११ म्हणजे दर्शन ११ ला की रांगेत शिरायचं ११ ला? आमची हरिप्रिया सकाळी पोचते त्याच दिवशी, मिरजेहून बसणार आहोत. गाडी उशिरा आली तर आत सोडतात का?

दुसरं, दिरांची सुट्टी आता नामंजूर झाली. त्यांचं एक तिकीट कॅन्सल होतं का किंवा त्यांच्याऐवजी माझा भाऊ आला तर चालेल का?

तिसरं कपडे. हे म्हणतात पँटशर्ट चालतो, आई म्हणतात धोतरच. घरात रोज यावरून चर्चा. ज्यांनी गेल्या वर्षभरात दर्शन घेतलंय त्यांनी सांगा प्लीज.

तिखटमीठ
ताई काळजी करू नका, रिपोर्टिंग टाइम नावापुरता असतो. आम्ही ९ चा स्लॉट असताना दुपारी ३ ला गेलो होतो, काही विचारलं नाही, सोडलं. आणि तिकीट रेल्वेसारखं कॅन्सल होतं, अर्धे पैसे परत येतात.

बाळूमामा_भक्त
बालाजीला बुकिंग कशाला लागतंय? आम्ही मागच्या महिन्यात नारायणपूर करून तिथून जवळच केतकावळ्याला गेलो, अर्ध्या तासात दर्शन, वर प्रसादाचा लाडू. गाडी पार्किंगला लावली की झालं.

रेल्वेवेडा
बाळूमामा_भक्त, तुम्ही पुण्याजवळच्या प्रतिबालाजीचं सांगताय 😀 ताई आंध्रात चालल्यात.

ताई, दर्शनाचं इथले जाणकार सांगतील, मी गाडीपुरतं बोलतो. हरिप्रिया कोल्हापूरहून दुपारच्या आत सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला. बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल असा लांबचा पल्ला आहे. त्याच सकाळी ११ चा स्लॉट धरू नका. गाडी अगदी वेळेवर आली तरी तुम्ही खाली स्टेशनवर असता, देव वर डोंगरावर आहे.

गरुडस्तंभ
मी बंगळुरूत असतो, वर्षातून दोनतीनदा जाणं होतं, घरच्यांचं आणि ऑफिसातल्या मराठी लोकांचं बुकिंगही बहुतेक मीच करून देतो. तिखटमीठ यांचा अनुभव त्यांच्या वेळी खरा असेल पण त्यावर विसंबून कोणी तिकीट काढू नये, आणि अर्धे पैसे परत येतात हे तर बिलकुल बरोबर नाही. एकेक घेतो.

११ ही वेळ प्रवेशाची आहे. त्या वेळेला तुम्ही तिकिटावर छापलेल्या ठिकाणी हजर पाहिजे. तिथे तिकीट स्कॅन होतं, ओळखपत्र बघतात आणि मग आत सोडतात. प्रत्यक्ष गाभाऱ्यासमोर पोचायला गर्दीप्रमाणे पुढे दोन तास लागतात, तीन लागतात, शनिवार रविवार जोडून सुट्टी असेल तर त्याहून जास्त. म्हणजे ११ ला दर्शन होऊन १२ ला जेवायला बसू असा हिशोब नको. परतीची गाडी त्याच दुपारची तर अजिबात नको.

उशिराबद्दल. पूर्वी थोडी सैल वागणूक होती, सकाळचे लोक दुपारी गेले तरी सामावून घ्यायचे. आता देवस्थान पुन्हा पुन्हा सांगतं की दिलेल्या वेळेलाच या. अर्धापाऊण तास मागेपुढे झालं तर बहुधा निभावतं, पण तो तिथल्या माणसाचा निर्णय, तुमचा हक्क नाही. आणि लवकर जाऊनही फायदा नाही, ११ वाल्याला ९ ला आत घेत नाहीत, बाहेरच उभं करतात.

आता उलटा हिशोब करा. ११ ला प्रवेश म्हणजे साडेदहाला त्या जागी पोचायचं. त्याआधी मोबाईल जमा करायचा, चपला कुठेतरी ठेवायच्या, लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर आहे म्हणजे बाथरूमला जाऊन यायचं, याला तास धरा. म्हणजे साडेनऊला वर तिरुमलात. खालून बस घाट चढायला पाऊण तास घेते, त्याआधी अलिपिरीला सगळ्यांना उतरवून बॅगा स्कॅन करतात, तिथे गर्दी असली तर अर्धा तास गेला. म्हणजे आठला तुम्ही तिरुपतीत बसमध्ये बसलेले पाहिजेत, अंघोळ करून, दर्शनाच्या कपड्यात. सकाळी पोचणाऱ्या गाडीने हे जमणार नाही. एक दिवस आधी निघा.

कॅन्सलेशन : होत नाही. पैसे परत नाहीत, तारीख पुढे नाही, मागे नाही. आणि भाऊ दिरांच्या तिकिटावर येऊ शकत नाही. प्रत्येक तिकिटाला नाव आणि आधार नंबर जोडलेला असतो, तो बदलायची सोयच साइटवर नाही. दीर आले नाहीत तर ते एक तिकीट वाया, बाकी चौघांना काही अडचण नाही, ते त्याच पीडीएफवर जातात.

लेकीचं बरोबर आहे, १२ च्या आत तिकीट नाही, पण ११ वर्षांची मुलगी उंच असेल तर विचारतात. तिचं आधार ओरिजिनल न्या.

कृष्णाकाठ
बापरे, बरं झालं विचारलं. एक दिवस आधीचं तिकीट बघते आजच. ३०० रुपये जाऊ देत, पण भावाला आणायचंच आहे, त्याचा नवस आहे. त्याला कसं न्यायचं?

नंदादीप
भावाला स्लॉटेड सर्वदर्शनाचं टोकन घ्यायला सांगा. फुकट असतं. खाली तिरुपतीत मिळतं, स्टेशनसमोर विष्णुनिवासम, बसस्टँडजवळ श्रीनिवासम आणि अलिपिरीला भूदेवी कॉम्प्लेक्स. स्वतःला आधार घेऊन रांगेत उभं राहावं लागतं, दुसऱ्याने जाऊन आणता येत नाही. त्यावर पण वेळ लिहिलेली असते. कोटा संपला की संपला, म्हणून लोक रात्रीपासून बसतात. तुम्ही एक दिवस आधी पोचताय तर जमून जाईल. मात्र तुमचा ११ चा स्लॉट आणि त्याची वेळ जुळेलच असं नाही. तो वेगळा जाईल, बाहेर भेटायची जागा आधीच ठरवा कारण मोबाईल कोणाकडेच नसणार.

आजीचीगोधडी
मोबाईल नसणार हे नंदादीपने बरोबर सांगितलं. आम्ही सात जण गेलो होतो, बाहेर आल्यावर मी आणि नणंद एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. दीड तास शोधाशोध. तेलुगू येत नाही, हिंदी थोडंफार चालतं. शेवटी लाडू काउंटरपाशी सगळे सापडले. तेव्हापासून आमचं ठरलेलं, चुकामूक झाली की लाडू काउंटर.

कपड्यांचं सांगते. बायकांना साडी किंवा पंजाबी ड्रेस पण ओढणी पाहिजेच. लेगिंग आणि कुर्ती घालून येतात मुली आणि ओढणी नसते, तिथे अडकतात. माझ्या सुनेचं असंच झालं, तिकडे दुकानातून ओढणी घेतली. नऊवारीत गेलात तर उत्तमच, मी नऊवारीच नेसते, तिथल्या बायका कौतुकाने बघत होत्या.

तिखटमीठ
गरुडस्तंभ साहेब, मी २०१७ ला गेलो होतो, तेव्हाचं सांगितलं. पैसे परतचं मी हॉटेलच्या बुकिंगवरून बोललो, चुकलं. पण कपड्यांबद्दल ठाम सांगतो, मी साधा शर्ट आणि फॉर्मल पँटवर ३०० च्या रांगेतून गेलोय. कोणी अडवलं नाही.

गरुडस्तंभ
ते होतं, नाकारत नाही. नियम असा की पुरुषांनी धोतर-उपरणं किंवा कुर्ता-पायजमा, बायकांनी साडी, हाफ साडी किंवा ओढणीसह चुडीदार. जीन्स, टीशर्ट, शॉर्ट्स नाही. फॉर्मल पँटशर्टवाले ३०० च्या रांगेत आत गेलेले मी पण पाहिलेत. पण सेवेचं तिकीट असेल, म्हणजे कल्याणोत्सवम वगैरे, तर तिथे धोतर-उपरण्यावाचून सोडत नाहीत. ज्याच्याकडे एकच दिवस आहे आणि पाचशे मैलांवरून आलाय त्याने जोखीम कशाला घ्यावी? पांढरा कुर्ता-पायजमा बॅगेत टाका, वाद मिटला.

धोतर नेसायचं असेल तर आपल्यासारखं कासोट्याचं लागतं असं काही नाही. तिकडची वेष्टी असते, गुंडाळायची. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी वेलक्रोवाली मिळते, पट्ट्यासारखी चिकटवायची. रांगेत तीन तास रेटारेटी होते, गुंडाळलेली वेष्टी सुटते आणि दोन्ही हातात काही असेल तर पंचाईत. मी कमरेला साधा सुती करदोटा बांधतो वरून. आणि वर बनियन नाही चालत असं कोणी सांगेल, शर्ट घाला, उपरणं खांद्यावर ठेवा, पुरे.

सीमाभाग
बेळगावकडून दरवर्षी जातो. भाच्याला जीन्स घालून आणलं होतं, तो ऐकत नव्हता. दाराशी थांबवलं, रांगेतून बाहेर आलो, दुकानात वेष्टी घेतली, जीन्सवरूनच गुंडाळली आणि परत गेलो. त्यात चाळीस मिनिटं गेली. चूक आमचीच. आता बॅगेत एक जादा वेष्टी ठेवतोच, कोणाला तरी लागते.

पाऊलवाट
कपडे आणि वेळ यात थोडं विषयांतर करते पण बायकांच्या मनातला प्रश्न आहे म्हणून लिहिते. तिकीट तीन महिने आधी काढावं लागतं आणि तारीख बदलत नाही, मग पाळीची तारीख आली तर? माझं असंच झालं. ज्यांच्या घरी पाळतात त्यांचं तिकीट सरळ वाया. मी डॉक्टरांना विचारून गोळ्या घेतल्या होत्या, पण त्या सगळ्यांना मानवत नाहीत. माझ्या मते एकदा तरी तारीख पुढे करायची मुभा असायला हवी.

आजीचीगोधडी
पाऊलवाट बाई, बरं विचारलंस. आमच्या पिढीला कोणी विचारतच नव्हतं.

अंगणातली_तुळस
आमचं तिकीट वाया गेलं ते सांगते. आठ जणांचं, म्हणजे सहाचं एक आणि दोघांचं वेगळं, कारण एका लॉगिनवर एका वेळी सहाच निघतात. चोवीसशे रुपये. चार दिवस आधी सासरे गेले. सुतक. फोन करून विचारलं, मृत्यूचा दाखला पाठवते म्हटलं, उत्तर एकच की तिकीट बदलत नाही. पैशाचं दुःख नाही, ते तर देवाच्या पायाशीच गेले. पण ज्या आठ जागा रिकाम्या राहिल्या त्या कोणाला तरी मिळाल्या असत्या ना? नोव्हेंबरात सकाळी दहाला किती लोक साइटवर ताटकळत बसतात हे सगळ्यांना माहितीये.

गरुडस्तंभ
तुमचं दुःख कळतं. नियमामागचं कारण सांगतो, पटेल न पटेल. परत करायची सोय दिली तर एजंट शेकड्याने तिकिटं अडवून ठेवतील, गिऱ्हाईक मिळालं तर विकतील, नाही मिळालं तर शेवटच्या दिवशी परत करतील. नावाला आधार जोडला आणि परतावा बंद केला त्यामुळे तो धंदा बराच आवळला गेलाय.

अंगणातली_तुळस
नाव बदलू देऊ नका, मान्य. पण पंधरा दिवस आधी तिकीट सोडून दिलं आणि पैसेही परत मागितले नाहीत, फक्त जागा दुसऱ्याला जाऊ दे, एवढं तरी करता येईल की. त्यात एजंटाला काय मिळणार?

गरुडस्तंभ
हं. पैसे न मागता सोडायचं म्हणताय तर माझ्याकडे याला उत्तर नाही. ही सूचना चांगली आहे.

मुंबईचा_पाऊस
एजंटचा विषय निघालाय तर लिहितो. मागच्या वर्षी एका टूरवाल्याकडून चार तिकिटं घेतली, माणशी बाराशे मोजले, नाव लिहीत नाही. पीडीएफ व्हॉट्सअपवर आली, नावं आमची, तारीख बरोबर, सगळं हुबेहूब. वर गेल्यावर दारात स्कॅन केलं तर मशीनवर दुसऱ्याच कोणाची तरी नावं. कोणाचं तरी जुनं खरं तिकीट घेऊन त्यावर आमची नावं चिकटवली होती. बायको तिथेच रडायला लागली. मग फुकटच्या सर्वदर्शनाच्या रांगेत उभे राहिलो, चौदा तासांनी दर्शन झालं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

सीमाभाग
असं तिकीट आधी ओळखता येतं का?

गरुडस्तंभ
येतं. बुकिंग ज्या मोबाईल नंबरवर झालंय त्या नंबरने ttdevasthanams.ap.gov.in वर लॉगिन करायचं, ओटीपी येतो, मग बुकिंग हिस्टरीत ते तिकीट दिसलं पाहिजे, तिथूनच पीडीएफ पुन्हा उतरवता येते. एजंट जर म्हणाला की माझ्या नंबरवर आहे, तुम्हाला फक्त पीडीएफ देतो, तर तिथेच थांबा. आणि पत्त्याच्या शेवटी ap.gov.in आहे का बघा, नावात बालाजी, तिरुपती, दर्शन असलेल्या कित्येक साइट फिरतात.

तिकिटाची किंमत ३०० आहे, आणि त्यातच माणशी एक लाडू येतो. कोणी माणशी हजार मागितले तर वरचे सातशे कशाचे हे विचारायचं. प्रवास-राहण्याचं पॅकेज असेल तर ठीक, नुसत्या तिकिटाचे असतील तर नाही.

कृष्णाकाठ
माझं माझ्याच नंबरवर आहे, आत्ताच लॉगिन करून बघितलं, दिसतंय. पण पीडीएफ नीट वाचताना पोटात गोळा आला 😟 आईंच्या आधारचा शेवटचा आकडा चुकलाय, ३ च्या जागी ८ पडलाय. साइटवर दुरुस्ती होत नाहीये. आता?

तिखटमीठ
माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं, नाव आणि फोटो बघून सोडलं.

पाऊलवाट
आमच्या शेजाऱ्यांना नाही सोडलं. त्यांचा नंबरच पूर्ण दुसरा होता पण, आजोबांच्या नावावर आजीचा आधार टाकला होता.

गरुडस्तंभ
दुरुस्ती होत नाही हे खरं. एका आकड्याच्या चुकीला माणसं सोडलेली ऐकली आहेत, पण मी छातीठोक सांगणार नाही. ओरिजिनल आधार न्या, झेरॉक्स नको, मोबाईलमधला फोटो तर नकोच कारण मोबाईल जमा होणार. आईंना एकटं पुढेमागे पाठवू नका, सगळे एकत्र राहा म्हणजे एकाच तिकिटावरचं कुटुंब दिसतं. आणि थोडं आधी पोचा, म्हणजे तिथे कोणाला विचारायची वेळ आली तर हातात वेळ असेल.

रेल्वेवेडा
पुढच्या बुकिंगसाठी एक युक्ती. कोटा साधारण तीन महिने आधी, महिन्याच्या २४ तारखेच्या आसपास सकाळी दहाला उघडतो. आदल्या रात्री सगळ्यांची नावं, वय, आधार नंबर एका वहीत लिहून दोघांनी ताडून बघायचे. दहाला घाईत टाइप करताना चुका होतात आणि त्या मग निघत नाहीत.

सूर्यफूल
माझे पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही. नऊशे रुपये. याला पण परतावा नाही का?

गरुडस्तंभ
ते वेगळं. तिकीट झालंच नाही आणि पैसे गेले तर ते ज्या खात्यातून गेले तिथेच परत येतात, काही दिवस लागतात. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, आधी बुकिंग हिस्टरी बघा. कधी कधी स्क्रीन अडकते पण तिकीट झालेलं असतं.

तिखटमीठ
बाकी, तिरुपती झाल्यावर कोल्हापूरला अंबाबाई केल्याशिवाय यात्रा पूर्ण होत नाही बरं का ताई. तुम्ही तर मिरजेच्या, तुमची यात्रा आपोआप पूर्ण 😄

बाळूमामा_भक्त
हे मात्र खरं. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो. आणि आता अंबाबाईला पण कपड्यांचे नियम लागलेत, मुंबईत सिद्धिविनायकला पण. त्यामुळे ताईंच्या घरातलं धोतराचं भांडण सगळीकडे उपयोगी पडणार.

सीमाभाग
कृष्णाकाठ ताई, नवस केस द्यायचा असेल भावाचा, तर ते दर्शनाच्या आधी करतात. कल्याणकट्ट्यावर फुकट होतं पण रांग असते, नंतर अंघोळ आली. तो वेळ वेगळा धरा. दर्शनाच्या सकाळी नको, आदल्या दिवशी उरकून घ्या.

कृष्णाकाठ
हो केसच द्यायचेत. आदल्या दिवशी करू. सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले की लिहीनच.

कृष्णाकाठ
(१६ फेब्रुवारी) जाऊन आलो! जे झालं ते तसंच्या तसं लिहिते म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.

१० ला मिरजेहून निघालो, ११ ला सकाळी पोचलो. गाडी दोन तास उशिरा. त्याच दिवशीचा स्लॉट असता तर बसलो असतो कपाळाला हात लावून. भाऊ स्टेशनवरूनच विष्णुनिवासमच्या रांगेत गेला, त्याला १२ तारखेचंच पण संध्याकाळी ५ चं टोकन मिळालं. दुपारी वर जाऊन त्याने केस दिले, रात्री आम्ही खाली तिरुपतीतच लॉजवर राहिलो.

१२ ला पाचला उठलो. आईंनी ह्यांना धोतर नेसवलं, वेलक्रोवालं नाही, आपलं कासोट्याचं, आणि मला सांगायला आनंद होतो की ते सुटलं नाही. साडेसहाला बसमध्ये. अलिपिरीला सगळे उतरलो, बॅगा पट्ट्यावरून गेल्या, मला पर्समधली छोटी कात्री काढून ठेवावी लागली. घाटात एवढं धुकं की पुढच्या बसचा लाल दिवाच तेवढा दिसत होता. आठला वर. आधी वराहस्वामींचं दर्शन घेतलं, तसा रिवाज आहे म्हणून सांगितलं होतं. मग मोबाईल जमा केले, पावती मी पदराच्या गाठीत बांधली. चपला बॅगेत. अनवाणी चालताना सकाळी दगड गार लागत होते, आईंनी पायमोजे घातले होते, ते चाललं.

सव्वादहाला त्या जागी पोचलो. दहाची रांग आत जात होती, आम्हाला बाजूला बसायला सांगितलं. पावणेअकराला आमची रांग सुरू झाली. आणि आता आईंचं. स्कॅन केल्यावर त्या मुलाने आधार हातात घेतलं, आकडे बघितले, थांबला. माझ्या छातीत धडधड. मी पाचही नावं, सगळे आधार पुढे केले. त्याने शेजारच्या साहेबांना बोलावलं, ते आईंकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलले, आईंनी त्यांना हात जोडले, आणि सोडलं. दोन मिनिटं असतील, मला तास वाटला. दिरांबद्दल विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली, बस एवढंच. लेकीचं आधार बघितलं, जन्मवर्ष मोजलं, पुढे.

ह्यांच्या पुढे एक मुलगा फॉर्मल पँटशर्टवर होता, त्याला सोडलं. त्याच्या मागच्या जीन्सवाल्याला थांबवलं. हे मी डोळ्याने बघितलं म्हणून लिहिते.

एक वाजून चाळीस मिनिटांनी बाहेर. समोर उभं राहायला मिळालं ते काही सेकंद, पण आईंच्या डोळ्यातून पाणी थांबत नव्हतं, त्यांनी हे तीस वर्षं मनात धरलं होतं. लाडू काउंटरला तिकीट दाखवलं, चारच मिळाले कारण आत चौघंच गेलो होतो. वरून पन्नास रुपयाप्रमाणे अजून घेतले. भावाचं दर्शन रात्री दहाला झालं, आजीचीगोधडी यांच्या सांगण्याप्रमाणे लाडू काउंटरपाशीच भेटलो, पटकन सापडला, गोटा केल्यामुळे आधी लेकीने ओळखलंच नाही 😀

आजीचीगोधडी
वाचताना डोळे भरून आले गं. आईंना माझा नमस्कार सांग.

अंगणातली_तुळस
छान झालं. आम्ही मे चं पुन्हा काढायच्या प्रयत्नात आहोत, या वेळी आठही जणांचं.

गरुडस्तंभ
उत्तम. आधारचा आकडा चुकला तर सोडतात असा अर्थ मात्र कोणी काढू नका. साहेब वेगळा असता तर कदाचित वेगळं झालं असतं.

पाऊलवाट
तुळस, फेब्रुवारीतच २४ च्या सुमारास मे उघडेल, वही आदल्या रात्रीच भरून ठेव.

कोकणचा_मेवा
उशिरा आलो धाग्यावर. एक विचारतो, आमची आई ७१ ची आहे, गुडघ्यांमुळे तीन तास उभी राहू शकत नाही. ३०० च्या रांगेत बसायला मिळतं का मध्ये?

गरुडस्तंभ
थांबवतात तिथे बाक असतात, पण चालत्या रांगेत नाही. ६५ वरच्यांसाठी वेगळा कोटा असतो, तोही तीन महिने आधी, ३०० च्या कोट्याच्या एक दिवस अगोदर दुपारी उघडतो. त्यात आईचं नाव टाका. वयाचा पुरावा ओरिजिनलच न्या, आणि ती वेळ तुमच्या वेळेशी जुळत नसेल तर आईची वेळ धरून बाकीच्यांचं ठरवा.